मानेतली शीर आणि एकसारखे दोन रिपोर्ट



तुमच्यात नर्सिंगच्या मुली आहेत, फार्मसीवाले आहेत, एमबीबीएसची दोन-तीन वर्षं झालेली मुलं आहेत. आणि ज्यांचा औषधाशी संबंध फक्त घरातल्या आजारी माणसापुरता आहे, असेही बरेच जण दिसताहेत. मी सगळ्यांना कळेल असं बोलायचा प्रयत्न करतो. मध्ये अडलं तर हात वर करा.

माझ्या हातात दोन कागद आहेत. दोन्ही एकाच माणसाचे रक्ताचे रिपोर्ट, साधारण सहा आठवड्यांच्या अंतरानं काढलेले. पहिल्यावर क्रिएटिनिन २.१, दुसऱ्यावर २.०. क्रिएटिनिन वाढलं म्हणजे मूत्रपिंडाचं काम कमी झालं, एवढं समजून चला. या माणसाचं नेहमीचं क्रिएटिनिन १.३ च्या आसपास असायचं. दोन्ही वेळा त्यांच्या पायावर सूज होती आणि दोन्ही वेळा ते म्हणत होते की थकवा फार आलाय. कागद बघून तुम्ही सांगाल की दोन्ही वेळची अवस्था एकच. पण पहिल्या वेळी त्यांच्या अंगात सहा-सात लिटर पाणी जास्त होतं, आणि दुसऱ्या वेळी अंग कोरडं पडलं होतं. एका वेळी पाणी काढायचं होतं, दुसऱ्या वेळी थांबायचं होतं. नेमकं उलट केलं असतं तर माणूस गेला असता. पहिल्या वेळी ते उलट मी जवळजवळ केलंच होतं. ती गोष्ट सांगतो, पण त्याआधी मान समजून घेऊ.

गवंडी काम करताना पारदर्शक प्लास्टिकची नळी पाण्यानं भरतात आणि दोन भिंतींवर लेव्हलची खूण करतात, हे तुम्ही बघितलं असेल. नळी कितीही वाकडी असो, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं. मानेतली आतली ज्युग्युलर शीर अशीच एक नळी आहे. तिचं खालचं टोक हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात उघडतं. त्या कप्प्यात दाब जितका, तितक्या उंचीपर्यंत रक्ताचा स्तंभ मानेत चढतो, आणि त्याच्या वर शीर मिटलेली असते. हृदय दर ठोक्याला त्या स्तंभाला खालून हलवतं, म्हणून त्याचं वरचं टोक त्वचेखाली लवलवतं. ते टोक शोधायचं आणि त्याची उंची मोजायची. याला ज्युग्युलर व्हेनस पल्स म्हणतात. वॉर्डात सगळे जेव्हीपी म्हणतात, आपणही तेच म्हणू.

उजवीच बाजू का? उजवी शीर मोठ्या शिरेत जवळजवळ सरळ रेषेत उतरते, डावी वळण घेऊन येते. वळणातला दाब भरवशाचा नसतो. मानेवर बाहेर ठळक दिसणारी निळी शीर असते, गाणं म्हणताना फुगते ती. ती बाहेरची ज्युग्युलर. तिच्यात झडपा असतात, ती मध्येच दबते, म्हणून ती कधी कधी उगाच फुगलेली दिसते. आपल्याला आतली हवी, आणि आतली शीर म्हणून दिसतच नाही. कानामागून छातीच्या हाडाकडे तिरका उतरणारा जो जाड स्नायू आहे, त्याच्याखाली ती असते. आपल्याला दिसतं ते वरच्या त्वचेचं हलणं. म्हणून पहिल्यांदा बघणारी मुलं सांगतात, सर, काहीच दिसत नाही. ती शीर शोधत असतात, हालचाल नाही.

बघायचं कसं ते सांगतो. पलंगाचं डोकं साधारण ४५ अंशांवर उचला. मानेखाली पातळ उशी द्या, म्हणजे स्नायू सैल राहतो. हनुवटी किंचित डावीकडे. किंचितच, कारण मान जास्त वळवली की स्नायू ताणला जातो आणि सगळं झाकतं. गळ्यातला स्कार्फ, ओढणी, ताईत बाजूला करायला आधी विचारा. बाई पेशंट असेल तर पडदा लावा आणि सिस्टर नाही तर घरची बाई सोबत असू द्या. घाईत ओढणीवरूनच बघितल्यासारखं करून ‘जेव्हीपी नॉर्मल’ असं लिहिलेले कागद मी पुष्कळ पाहिलेत. मग टॉर्च. समोरून उजेड टाकला तर सगळं सपाट दिसतं. टॉर्च मानेच्या बाजूनं, त्वचेला जवळजवळ चिकटवून तिरका धरा. हालचालीची सावली पडते, कधी मागच्या उशीवर सुद्धा. आणि शांतपणे निदान अर्धा मिनिट बघत राहा.

आता जे हललं ते शीर की धमनी? धमनी म्हणजे कॅरोटिड, जिथं आपण नाडी बघतो. ती बाहेरच्या बाजूला एकच ठोसा मारते आणि बोटाला जोरात लागते. शिरेची हालचाल मऊ असते, दर ठोक्याला साधारण दोनदा होते, आणि डोळ्यात भरतं ते तिचं आत बसणं. बोट ठेवलं तर काहीच लागत नाही. मानेच्या तळाशी हलकं दाबलं की वरची हालचाल थांबते. पेशंटला उठवून बसवलं की टोक खाली सरकतं, झोपवलं की वर चढतं. श्वास आत घेतला की सहसा खाली जातं. धमनी यातलं काही करत नाही.

टोक सापडलं की मोजायचं. छातीच्या मधल्या हाडावर गळ्याच्या खळगीपासून चार-पाच सेंटिमीटर खाली बोट फिरवा, एक आडवा उंचवटा लागेल. तिथंच दुसरी बरगडी जोडलेली असते. लंडनच्या थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये हा उंचवटा शून्य धरून मोजायची पद्धत मांडली. ती अजून चालते, कारण माणूस झोपला काय, बसला काय, हा उंचवटा हृदयाच्या त्या कप्प्याच्या वर बऱ्यापैकी तेवढाच राहतो असं धरतात. उंचवट्यावर पट्टी उभी धरा, अगदी ओळंब्यासारखी, आणि शिरेच्या टोकापासून दुसरी पट्टी किंवा कागद आडवा त्या पट्टीला भिडवा. जो आकडा येईल तो उभा आकडा आहे. मानेच्या कडेनं तिरकं मोजायचं नाही. तीन सेंटिमीटरपर्यंत ठीक. त्याच्यावर गेलं तर वाढलेलं धरतात. पुस्तकात त्यात ५ मिळवायला सांगतात, म्हणजे कप्प्यातला दाब सेंटिमीटर पाण्यात मिळतो. ८ पर्यंत ठीक.

त्या ५ विषयी माझं एक मत आहे. सीटी स्कॅनवर मोजणाऱ्यांना दिसलं की ५ सपाट झोपलेल्या माणसाला बरोबर लागू पडतं, पण ४५ अंशांवर ते अंतर आठ-दहापर्यंत भरतं. म्हणजे आपली बेरीज बऱ्याचदा दाब कमी दाखवते. म्हणून मी ५ मिळवून आकडा सजवत नाही. कागदावर सरळ लिहितो: ‘४५ अंशांवर, उंचवट्यापासून ६ सेंटिमीटर.’ उद्या तोच माणूस, तोच कोन, म्हणजे तुलना करता येते. माझ्या मुलांनाही तसंच लिहायला लावतो.

आता ती गोष्ट.

हे चाचा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. साठी ओलांडलेली, जुना हार्ट अटॅक, हृदयाची पंप करायची ताकद कमी. रोज फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅमची एक गोळी चालू. घरात तिला लघवीची गोळी म्हणतात. धाप लागून आले तेव्हा त्यांचं वजन ७१ किलो होतं. घरच्यांच्या वहीत दोन महिन्यांपूर्वीचं वजन ६४ होतं. चाचा मला म्हणाले, ‘डॉक्टरसाब, पहले दो तकिये लगते थे, अब तीन लगते.’ हे वाक्य मी ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही. मी तेव्हा शिकाऊ होतो, आणि छातीला स्टेथोस्कोप लावला तर फुप्फुसं साफ. मला वाटलं, फुप्फुसात पाणी नाही म्हणजे हृदयात फारसं पाणी साठलेलं नाही. ही माझी पहिली चूक. ज्याचं हृदय वर्षानुवर्षं कमजोर आहे त्याच्या फुप्फुसातल्या लसीकावाहिन्या मोठ्या होऊन पाणी वाहून नेत राहतात. त्यामुळे दाब खूप वाढलेला असतानाही छाती साफ ऐकू येऊ शकते.

दोन दिवस दिवसातून दोनदा ४० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं. वजन दोन किलो उतरलं. पण क्रिएटिनिन १.६ वरून २.१ झालं. लघवी कमी झाली. मी मानेकडे बघितलं, ४५ अंशांवर. कुठेच काही हलताना दिसलं नाही. मी लिहिलं, ‘जेव्हीपी वाढलेलं नाही.’ मग माझा हिशेब सरळ होता: शीर वाढलेली नाही, क्रिएटिनिन वाढतंय, म्हणजे आपण जास्त पाणी काढलं, मूत्रपिंड सुकलं. इंजेक्शन बंद केलं आणि सलाइनची अर्ध्या लिटरची बाटली हळूहळू द्यायला लिहिली.

बाटली अजून लावायची होती. चाचा पलंगावर पाय सोडून बसून चहात बिस्किट बुडवत होते. वॉर्डच्या सिनियर सिस्टर औषधं द्यायला आल्या, तिथंच थांबल्या आणि मला हाक मारली. ‘डॉक्टर, इकडे या जरा. चाचांचा कान हलतोय बघा.’ मला वाटलं थट्टा करताहेत. जाऊन बघितलं तर चाचा सरळ ताठ बसलेले, आणि उजव्या कानाची पाळी हळूच लवलवतेय. सिस्टरांनी बाटली परत ट्रॉलीत ठेवली आणि म्हणाल्या, ‘सरांना बोलवा. मी हे तोवर लावत नाही.’

सर आले. त्यांनी मला काही बोलायच्या आधी पट्टी मागितली. चाचांना ९० अंशांत बसवूनच मोजलं. टोक कानाच्या पाळीच्या जरा खाली, उंचवट्यापासून १५ सेंटिमीटर. ५ मिळवले तर २० सेंटिमीटर पाणी. डॉक्टर लोक पाऱ्याच्या एककात बोलतात, तर १.३६ नं भागा, साधारण १५ येतं. आठाच्या आत असायला हवं ते वीस.

मग मला ४५ अंशांवर का दिसलं नव्हतं? कारण टोक मानेत नव्हतंच, ते जबड्याच्या मागे, कवटीपाशी गेलं होतं. मानेतली शीर पूर्ण भरून ताठ झाली होती, आणि ताठ भरलेली नळी हलत नाही. हलतं फक्त टोक. गवंड्याच्या नळीतही पाण्याची रेघ टोकालाच दिसते, मधल्या भरलेल्या भागात काही कळत नाही. ‘दिसली नाही’ आणि ‘कमी आहे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मी दोन्ही एकच समजलो होतो. तेव्हापासून एक सवय लागली. ४५ वर टोक दिसलं नाही की मी थांबत नाही. आधी पेशंटला सरळ बसवतो. बसल्यावर गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या, कॉलरबोनच्या वर हालचाल दिसली तर दाब वाढलेला आहे, मोजायला पट्टी नसली तरी चालेल. बसवूनही दिसलं नाही तर आडवा झोपवतो. सपाट झोपल्यावर बहुतेकांची शीर मानेत भरलेली दिसते. तिथंही ती रिकामी असेल तर दाब खरंच कमी आहे. दिसलीच नाही, जाड मान असेल, दाढीखाली झाकली असेल, तर कागदावर ‘दिसली नाही’ असं लिहायचं. ‘नॉर्मल’ लिहायचं नाही.

मग क्रिएटिनिन का वाढलं होतं? आपल्याला वाटतं मूत्रपिंडाला रक्त कमी पोचलं की ते रुसतं. ते खरं आहे, पण अर्धं. मूत्रपिंडातून रक्त जातं ते दोन टोकांच्या दाबातल्या फरकावर. पुढून येणारा दाब कमी झाला तरी फरक कमी होतो, आणि मागच्या शिरेतला दाब वाढला तरी फरक कमीच होतो. पुढची नाली तुंबली की घरातली मोरी वाहत नाही, नळाला पाणी असलं तरी. चाचांची नाली तुंबली होती. सलाइन म्हणजे त्याच मोरीत आणखी एक बादली.

सरांनी इंजेक्शन पुन्हा सुरू केलं, आणि मोठ्या डोसनं: ८० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. रोज सकाळी लघवी झाल्यावर, त्याच काट्यावर वजन. पोटॅशियम एक दिवसाआड, कारण या औषधानं ते घसरतं. मला त्यांनी एकच काम दिलं: रोज त्याच वेळी मान बघायची आणि आकडा लिहायचा. चौथ्या दिवसापर्यंत टोक जबड्याच्या कोपऱ्याखाली आलं, तेव्हा मला ते ४५ अंशांवर पहिल्यांदा नीट दिसलं. क्रिएटिनिन १.७. आठव्या दिवशी ४५ अंशांवर ३ सेंटिमीटर, वजन ६४, क्रिएटिनिन १.४. मी डिस्चार्जचा कागद लिहायला घेतला.

सर म्हणाले, पोट दाबून बघितलंस का?

ही युक्ती जुनी आहे. विल्यम पाश्चर नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी १८८५ मध्ये ती लिहिली. कुत्रा चावल्याच्या लशीवाले फ्रेंच पाश्चर वेगळे. त्यांनी ती हृदयाची उजवी झडप गळते का हे बघायला सांगितली होती, पुढं तिचा उपयोग वाढला. पेशंट आरामात श्वास घेतोय, तोंड उघडं. आधी सांगायचं, मी पोटावर हात ठेवून दाबणार आहे, श्वास रोखू नका. श्वास रोखला किंवा दुखून आखडला की शीर आपोआप चढते आणि सगळी तपासणी फुकट. मग पोटाच्या मधोमध पंजा पसरून सावकाश, सारखा दाब द्यायचा, १० ते १५ सेकंद, आणि डोळे मानेवर. पोटातल्या शिरांमधलं रक्त हृदयाकडे ढकललं जातं. धडधाकट हृदय ते एक-दोन ठोक्यांत पुढं सारतं, टोक क्षणभर उसळून खाली येतं. ज्याच्यात जागा नाही त्याचं टोक चढतं आणि दाब असेपर्यंत वरच राहतं. तीन सेंटिमीटरहून जास्त चढून तिथंच राहिलं आणि हात काढल्यावर धपकन खाली आलं, तर पाणी अजून आहे.

चाचांचं पाच सेंटिमीटर चढलं आणि राहिलं. आणखी दोन दिवस ठेवलं. वजन ६३, पोट दाबल्यावर टोक एकदा उसळून बसलं. मग घरी पाठवलं, ६३ हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून.

दोन दिवसांचा एवढा आग्रह कशाला, असं वाटेल. सोल्व्हड नावाच्या मोठ्या चाचणीतल्या २,५६९ हृदयविकाराच्या पेशंटांचे आकडे पुन्हा तपासून २००१ मध्ये एक अभ्यास छापला गेला. ज्यांची मानेतली शीर चढलेली होती त्यांना पुढं हृदयविकार बळावून दवाखान्यात यावं लागण्याचं आणि हृदयाचा पंप कमजोर पडून होणाऱ्या मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, बाकी सगळ्या गोष्टी हिशेबात धरल्या तरी.

एक हात वर आहे. हां, विचार बेटा. ‘सर, आता सोनोग्राफीचं मशीन असतं, मग मान कशाला?’ चांगला प्रश्न आहे. पोटातली मोठी शीर सोनोग्राफीनं बघता येते, मीही बघतो, आणि जाड मानेच्या पेशंटमध्ये तीच कामाला येते. पण चाचांच्या गावच्या दवाखान्यात ती रोज सकाळी नाही. आणि मशीन असलं तरी ती शीरही त्याच कप्प्याची बातमी देते. त्यामुळे मानेला ज्या गोष्टी फसवतात, त्यातल्या बऱ्याच तिलाही फसवतात.

त्या कोणत्या, ते ऐका. मान सांगते ती उजव्या बाजूची गोष्ट. धाप लागते ती डाव्या बाजूच्या दाबामुळे. जुन्या हृदयविकारात पाचातल्या साधारण चौघांत दोन्ही बाजू एकमेकींशी जुळतात. उरलेल्या एकाला मान पूर्ण खरं सांगत नाही. वर्षानुवर्षं विडी ओढून किंवा चुलीच्या धुरात बसून ज्यांची फुप्फुसं गेलीत, त्यांची उजवी बाजू कायमच ताणलेली असते. त्यांची शीर पाणी नसतानाही वर दिसते, तिला तीनवर आणायचा हट्ट धरला तर मूत्रपिंड सुकवून ठेवाल. उजवी झडप जोरात गळत असेल तर दर ठोक्याला रक्ताची एक मोठी लाट उलटी मानेत येते. तेव्हा टोक खऱ्या सरासरी दाबापेक्षा वर दिसतं. ती लाट नाडीबरोबर एकच, बाहेर फुगणारी असते, आत बसणं नाहीसं झालेलं असतं. सरांनी चाचांच्या मानेकडे दोन मिनिटं बघितलं ते यासाठीच. दोन्ही वेळा आत बसणं दिसत होतं. श्वास आत घेतल्यावर शीर खाली जाण्याऐवजी वर चढली तर हृदयाभोवतीचं आवरण घट्ट झालेलं असू शकतं. आपल्याकडे टीबीनंतर असं होतं, आणि त्याचा इलाज गोळीनं होत नाही. आणि शिरा फुगल्यात पण हालत अजिबात नाहीत, चेहरा सुजलाय, तर छातीतली मोठी शीर कशानं तरी दबली आहे. ती हृदयाची गोष्टच नाही.

आता दुसरा कागद.

चाचा घरी गेले आणि तीन आठवड्यांनी रमजान सुरू झाला. उन्हाळ्याचे दिवस. त्यांनी कुणाला न विचारता रोजे धरले. दवाखान्यातून जाताना लघवीच्या गोळीचा डोस दुप्पट केला होता, तो ते सहरीला एकदम घेत होते. शिवाय आम्ही सांगितलं होतं मीठ कमी, पाणी मोजून. ते त्यांनी तंतोतंत पाळलं, इफ्तारनंतरसुद्धा. सकाळी सहरीची गोळी सगळं पाणी काढायची आणि दिवसभर परत काही जायचं नाही. दहा-बारा दिवसांनी मगरिबच्या नमाजला उठताना डोळ्यापुढं अंधारी आली. मुलगा घेऊन आला. क्रिएटिनिन २.०. डाव्या पायावर सूज. मुलगा काळजीनं म्हणाला, ‘पाय सुजलाय सर, पाणी परत साठलं ना? गोळी आणखी वाढवायची का?’

गेल्या वेळचा कागद आठवून मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण यावेळी मान नीट बघितली. ४५ अंशांवर काही नाही. बसवलं, काही नाही, कानाची पाळीही शांत. सपाट झोपवलं, तेव्हा कॉलरबोनच्या जरा वर एक मंद हालचाल दिसली, ती श्वास आत घेताना पूर्ण मिटत होती. डोकं थोडं उचललं की गायब. पोट दाबलं तर टोक चढलं आणि लगेच खाली. वजन ६०.५. झोपून रक्तदाब वरचा ११०, उभं केल्यावर ९०. आणि सूज एकाच पायावर, तिथं जुन्या फुगलेल्या शिरा होत्या. गॅरेजमध्ये चाळीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाचे ते पाय. सूज हृदयाची असेल तर ती दोन्ही पायांवर येते, आणि वर मान ती कबूल करते. इथं मान साफ नाही म्हणत होती.

गोळी दोन दिवस बंद केली, मग निम्म्या डोसवर आणली. पाणी थोडं वाढवलं. रोजे थांबवायला सांगितलं. चाचांना ते जड गेलं, मुलानं आणि मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांनी समजावलं. आठवड्यात वजन ६२.५, क्रिएटिनिन १.४, उभं राहिल्यावर चक्कर नाही. डाव्या पायाची सूज तशीच राहिली, तिच्यासाठी पट्टी बांधायला दिली. ४५ अंशांवर टोक पुन्हा दिसायला लागलं, उंचवट्यापासून एक सेंटिमीटर.

घरातली मंडळी विचारतील, आम्ही मान बघायची का? बघा, हरकत नाही, पण औषध त्यावरून स्वतः बदलू नका. तुमचं काम वजनाचं. रोज सकाळी एकच काटा, लघवीनंतर, नाश्त्याआधी, वहीत आकडा. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढले, किंवा दोन-तीन किलो उतरले आणि चक्कर येतेय, तर डॉक्टरांकडे जा आणि सांगा, मान बघा. सरळ बसवून बघायला सांगा, आणि झोपवूनही. रमजान जवळ आला की गोळ्यांच्या वेळा आधीच विचारून घ्या, सहरीच्या आदल्या रात्री नाही.

आता बोलणं बंद. मागं दोन बाकं जोडून ठेवली आहेत आणि चार उशा आहेत. बारीक मानेचा एक मुलगा हवा, दाढी नसलेला. हां, तू ये. शर्टाची वरची दोन बटणं काढ, मान थोडी डावीकडे कर. बाकीच्यांनी मोबाइलचे टॉर्च काढा. समोरून नाही, बाजूनं. तरुण मुलाची शीर ४५ वर कॉलरबोनच्या आड असते, दिसणार नाही. म्हणून एक-एक उशी काढत जाऊ आणि कोणत्या उशीला टोक वर येतं ते बघू.

सिस्टर, पट्टी तुमच्याकडे आहे ना?